एकाच पीककर्ज खात्याच्या तीन बाक्या : यवतमाळ जिल्ह्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावातले आहे. खातेदाराची ओळख पटू नये म्हणून गावाचे व शाखेचे नाव दिलेले नाही, पण तारखा आणि रकमा खातेउताऱ्यातल्याच आहेत. खातेदाराकडे साडेचार एकर वावर असून त्यात पऱ्हाटी, तुरीचे तास आणि थोडे सोयाबीन असते. सोयाबीन निघाल्यावर रिकाम्या झालेल्या तुकड्यात हरभरा पेरला जातो. तालुक्याच्या गावातील एका राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांचे किसान क्रेडिट कार्डाचे खाते आहे आणि कर्जमर्यादा दीड लाख रुपयांची आहे.

मी गावातील सेवा सहकारी सोसायटीत अनेक वर्षे गटसचिव होतो. निवृत्तीनंतरही लोक खातेउतारे घेऊन माझ्या ओसरीवर येतात. 24 जून 2024 रोजी हे खातेदार आले ते बँकेचे पासबुक आणि स्वतःची एक वही घेऊन. वहीत पाचच ओळी होत्या. तीन उचली मिळून 1,35,000 रुपये, दोन भरणे मिळून 90,000 रुपये आणि खाली रेघ ओढून 45,000. मृग लागून गेला होता, पाऊस दोनदा पडून गेला होता आणि नवीन कर्ज मिळण्यासाठी जुने खाते बेबाक करणे आवश्यक होते.

"माह्या हिशोबानं त पंचेचाळीसच हजार निंघते, भाऊ. पासबुकात एकावन्न हजार काहून दिसते?" हा त्यांचा प्रश्न होता.

अडचण

त्यांना वाटत होते की वरचे सहा हजार रुपये पीकविम्याचे असावेत. ही शंका लगेच दूर करता आली, कारण 2023 च्या खरिपात महाराष्ट्रात शेतकऱ्याने विम्यापोटी फक्त एक रुपया भरायचा होता. दोन हजार किंवा चार हजारांची नोंद विमाहप्त्याची असणे शक्यच नव्हते. त्या नोंदी व्याजाच्या होत्या.

खरी अडचण दोन दिवसांनी समोर आली. 26 जूनला आम्ही शाखेत जाऊन 28 जून या तारखेला खाते बंद करण्यासाठी किती रक्कम लागेल ते विचारले. काउंटरवरून एका चिठ्ठीवर 53,087 हा आकडा लिहून मिळाला. अशा रीतीने एकाच खात्याच्या तीन बाक्या झाल्या : वहीतली 45,000, पासबुकाच्या शेवटच्या ओळीतली 51,033 आणि चिठ्ठीवरची 53,087. पहिल्या दोहोंतील फरक पासबुकातच दिसत होता, परंतु शेवटच्या दोहोंतील 2,054 रुपयांचा खुलासा कोठेही छापलेला नव्हता.

पासबुकातील नोंदी पुढीलप्रमाणे होत्या.

| तारीख | तपशील | नावे | जमा | येणे बाकी |
|---|---|---|---|---|
| 12 जून 2023 | खरीप उचल | 80,000 | | 80,000 |
| 8 ऑगस्ट 2023 | खरीप उचल | 30,000 | | 1,10,000 |
| 30 सप्टेंबर 2023 | व्याज | 2,014 | | 1,12,014 |
| 3 नोव्हेंबर 2023 | रब्बी उचल | 25,000 | | 1,37,014 |
| 15 जानेवारी 2024 | भरणा | | 40,000 | 97,014 |
| 31 मार्च 2024 | व्याज | 4,019 | | 1,01,033 |
| 24 मे 2024 | भरणा | | 50,000 | 51,033 |

प्रत्येक बाकीपुढे `Dr` अशी दोन अक्षरे होती. बचत खात्यात शिल्लक म्हणजे आपले पैसे, पण कर्जखात्यात `Dr` लिहिलेली बाकी म्हणजे बँकेचे आपल्याकडील येणे. खातेदारांना हे ठाऊक होते. अनेकांना ते नसते, आणि बाकी वाढलेली पाहून खात्यात पैसे जमा झाल्याचा आनंद मानणारे लोकही मी पाहिले आहेत.

उतारा कसा वाचला

पहिले पाऊल म्हणजे छापील व्याज बरोबर आहे का ते पाहणे. पीककर्जाचे व्याज दिवसांवर मोजतात : जी रक्कम जितके दिवस अंगावर होती तितक्या दिवसांनी तिला गुणायचे, आलेल्या गुणाकाराला दराने गुणायचे आणि 36,500 ने भागायचे. 30 सप्टेंबरपर्यंत 80,000 रुपये 111 दिवस आणि 30,000 रुपये 54 दिवस अंगावर होते. या दोन गुणाकारांची बेरीज बरोबर 1,05,00,000 येते आणि त्यावर 7 टक्क्यांनी 2,014 रुपये व्याज होते. आकडा जुळला. तीन लाखांपर्यंतच्या अल्पमुदत पीककर्जाला केंद्राच्या व्याज सवलत योजनेमुळे लागू असलेला दरही 7 टक्केच आहे, त्यामुळे दराबद्दल शंका उरली नाही.

दुसऱ्या सहामाहीत जरा थांबावे लागले. येणे बाकीच्या स्तंभात आधीचे 2,014 रुपये व्याज मिसळलेले आहे. त्या स्तंभावरच व्याज काढले तर ते 4,060 येते. पासबुकात मात्र 4,019 पडलेले होते. हा 41 रुपयांचा फरक त्या 2,014 रुपयांवर 15 जानेवारीपर्यंत धरलेल्या व्याजाचा आहे. बँकेने तो लावलेला नव्हता आणि ते योग्यच होते, कारण मुदत न संपलेल्या पीककर्जावर व्याजावर व्याज आकारू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शेवटचा स्तंभ व्याजाचा पाया नसतो, हे या 41 रुपयांनी दाखवून दिले.

जानेवारीच्या भरण्याचा उलगडा येथेच झाला. 40,000 रुपयांतून बँकेने आधी 2,014 रुपये व्याज वळते करून घेतले आणि मुद्दलातून 37,986 रुपये कमी केले. म्हणून खरिपाचे मुद्दल 70,000 नव्हे तर 72,014 उरले. खातेदारांच्या वहीत ही वजावट कधीच आली नव्हती. उचल आणि भरणा एवढेच लिहिणाऱ्या वहीत ती येऊही शकत नाही.

31 मार्चपर्यंत सगळे जुळले. प्रश्न 1 एप्रिलनंतरच्या 2,054 रुपयांचा होता. तेथे आम्ही हिशोब उलट बाजूने केला. 1 एप्रिल ते 23 मे हे 53 दिवस 1,01,033 रुपये आणि 24 मे ते 27 जून हे 35 दिवस 51,033 रुपये धरले, तर गुणाकारांची बेरीज 71,40,904 येते. 2,054 ला 36,500 ने गुणून या बेरजेने भागले तर 10.5 येतो. म्हणजे शाखेने 1 एप्रिलपासून संपूर्ण बाकीवर साडेदहा टक्के दर लावला होता, आणि तोही शेवटच्या स्तंभावर. दर उताऱ्यावर छापलेला नसला तरी तो असा बाहेर काढता येतो.

दर का बदलला याचे उत्तर मंजुरीपत्रात होते. ते पत्र त्यांच्या घरी सातबाऱ्याच्या फायलीत सापडले. त्यात खरिपाच्या उचलीची देय तारीख 31 मार्च 2024 आणि रब्बीच्या उचलीची देय तारीख 30 जून 2024 अशी स्वतंत्र लिहिलेली होती, आणि देय तारखेनंतर बँकेचा नेहमीचा दर लागेल असे कलम होते. तो नेहमीचा दर साडेदहा टक्के होता. केंद्राची सवलत देय तारखेपर्यंतच, आणि जास्तीत जास्त एक वर्ष मिळते. ती तारीख उलटली की सवलतीचा दर आपोआप संपतो.

याचा अर्थ खरिपाच्या शिल्लक रकमेवर साडेदहा टक्के लावणे बँकेच्या हक्कातले होते. परंतु हरभऱ्यासाठी उचललेले 25,000 रुपये 30 जूनपर्यंत थकीत नव्हतेच, त्यामुळे त्यांवर 7 टक्केच लागायला हवे होते. आम्ही बाकी दोन भागांत वाटली. मार्चअखेरच्या 4,019 रुपये व्याजात 719 रुपये रब्बीचे, कारण 25,000 रुपये 150 दिवस अंगावर होते, आणि उरलेले 3,300 खरिपाचे. देय झालेले खरिपाचे व्याज थकल्यावर बँक ते मुद्दलात धरू शकते, म्हणून खरिपाची थकीत रक्कम 75,314 धरली. मे महिन्यातले 50,000 आधी या थकीत रकमेकडे वळवले आणि 25,314 उरले. या दोन टप्प्यांवर साडेदहा टक्क्यांनी 1,403 रुपये आणि रब्बीच्या 25,000 वर 88 दिवसांचे 7 टक्क्यांनी 422 रुपये, असे एकूण 1,825 रुपये व्याज निघाले. ते 51,033 मध्ये मिळवल्यावर 28 जूनची बाकी 52,858 रुपये झाली. चिठ्ठीपेक्षा ती 229 रुपयांनी कमी होती.

229 रुपये ही भांडण्याजोगी रक्कम नाही, असे खातेदारांचेच म्हणणे पडले. माझे मत वेगळे होते. रब्बीची उचल थकीत दाखवली गेली तर वेळेवर परतफेड करणाऱ्याला केंद्राकडून मिळणारी 3 टक्क्यांची जादा सवलतही तिच्यावर मिळणार नव्हती. 25,000 रुपयांवर 238 दिवसांची ती सवलत 489 रुपये होते. शिवाय थकबाकीदार म्हणून झालेली नोंद पुढच्या मंजुरीच्या वेळी कोणत्या रूपात पुढे येईल, हे सांगता येत नव्हते.

तपासलेले पर्याय

वेळ फार कमी होता. 30 जूनला रविवार होता. 29 तारखेचा शनिवार महिन्यातला पाचवा असल्यामुळे बँक उघडी राहणार होती, पण ऐन वेळी काही अडले तर दुसरा दिवस मिळणार नव्हता. राज्य शासनाच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतही 30 जूनपर्यंतची परतफेड पाहतात, म्हणून ती तारीख चुकवणे परवडणारे नव्हते.

एक पर्याय असा होता की आधी आकडा दुरुस्त करून घ्यावा आणि मग पैसे भरावेत. शाखेतील अधिकाऱ्यांनी आमचा कागद नीट पाहिला आणि संगणकात या खात्याला एकच देय तारीख टाकली गेल्याचे मान्यही केले. परंतु ती बदलण्यासाठी वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते आणि त्याला आठवडाभर तरी जाईल, असे त्यांनी सांगितले. या वाटेने गेलो असतो तर 229 रुपये वाचवताना 30 जून हातची गेली असती.

दुसरा पर्याय म्हणजे आपल्या हिशोबाचे 52,858 भरून मोकळे होणे. हा मला प्रथम आवडला होता. पण संगणकाच्या दृष्टीने 229 रुपये बाकी राहिले असते, खाते बंद झाले नसते आणि बेबाकीचा दाखलाही मिळाला नसता.

तिसरा पर्याय गावात सर्रास वापरला जातो, तो म्हणजे नवे-जुने करणे. दोन दिवसांसाठी कोणाकडून तरी पैसे आणून खाते भरायचे आणि नवीन कर्ज हाती आले की ते परत करायचे. खातेदारांकडे रोख 48,000 रुपये होते, कारण त्यांनी 45,000 ची तयारी करून वर थोडे ठेवले होते. कमी पडणारे पाच हजार आणायचेच होते, त्यामुळे प्रश्न फक्त ते कोठून आणायचे एवढाच होता. कृषी केंद्राच्या मालकाने देऊ केले, पण त्याच्याच दुकानातून बियाणे व खत घ्यायचे अशी अट घातली. शेवटी मेहुण्याकडून घेणे ठरले.

केलेली कार्यवाही

28 जूनला सकाळी खातेदारांनी चिठ्ठीवरचे पूर्ण 53,087 रुपये भरले आणि त्याच वेळी लेखी अर्ज दिला. अर्जात तक्रारीची भाषा ठेवली नाही. मंजुरीपत्रातील दोन देय तारखा, रब्बी उचलीची तारीख व रक्कम, लावलेला दर व लागू असलेला दर, आणि 229 रुपयांचा फरक, एवढेच लिहिले. सोबत मंजुरीपत्राची झेरॉक्स आणि हिशोबाचा एक कागद जोडला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. ही प्रत नसती तर पुढे काहीच दाखवता आले नसते, हे सोसायटीत बसून मी पुरेसे पाहिले आहे.

अर्जात आणखी एक वाक्य घातले होते : रब्बीची उचल देय तारखेच्या आत फेडली आहे, तरी वेळेवर परतफेडीच्या सवलतीच्या मागणीत तिचा समावेश करावा. खरे तर आमच्या दृष्टीने अर्जाचा जीव याच वाक्यात होता.

काय झाले

तीन आठवड्यांनी 229 रुपये खातेदारांच्या बचत खात्यात जमा झाले. रब्बीवरील 489 रुपयांची सवलत त्यानंतर बऱ्याच काळाने आली, आणि तीही बचत खात्यातच. या सवलती मागाहून येतात. खाते बंद करताना त्या बाकीतून वजा करता येत नाहीत, आणि काही शेतकरी तेथेच फसतात : चार टक्के व्याज धरून पैसे घेऊन जातात आणि काउंटरवर सात टक्क्यांचा आकडा ऐकून परत येतात.

नवीन कर्जाचे पैसे 5 जुलैला मिळाले. तोवर पेरणी झाली होती. कपाशीचे बियाणे आणि खताची पहिली मात्रा त्यांनी शेवटी कृषी केंद्रातून उधारीवरच घेतली, आणि तेथे रोखीपेक्षा भाव चढा लागला. हा खर्च कोणत्याही उताऱ्यात दिसत नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महाग पडलेला निर्णय जूनमधला नव्हता. तो मार्चमधला होता. जानेवारीत खेडा खरेदीला अर्धी पऱ्हाटी विकल्यानंतर भाव वाढेल म्हणून उरलेला कापूस त्यांनी घरात भरून ठेवला. सर्व कर्जाची मुदत 30 जूनच आहे अशी त्यांची समजूत होती. ती समजूत राज्याच्या योजनेच्या तारखेमुळे झालेली होती आणि गावातील निम्म्याहून अधिक लोकांची ती आजही आहे. मंजुरीपत्र मार्चमध्ये उघडले असते तर 31 तारीख दिसली असती. खरिपाची पूर्ण रक्कम त्या दिवसापर्यंत भरली असती तर 3 टक्क्यांची सवलत साधारण 2,277 रुपये झाली असती, आणि एप्रिलपासून लागलेला साडेतीन टक्के जादा दर, म्हणजे सुमारे 468 रुपये, वाचला असता. 229 च्या पुढे हे पावणेतीन हजार ठेवून पाहिले तेव्हा खातेदार बराच वेळ काही बोलले नाहीत. कापूस ठेवण्याचा निर्णय चुकीचाच होता असे मी म्हणणार नाही, कारण भाव खरोखर चढला असता तर तो योग्य ठरला असता. पण तो निर्णय घेताना एका बाजूला पावणेतीन हजार रुपये आहेत हे त्यांना माहीत नव्हते.

एक चूक माझीही आहे. जानेवारीत भरलेल्या 40,000 रुपयांतून खरिपाचे 37,986 रुपये मुद्दल देय तारखेच्या आत फिटले होते. तेवढ्या भागावर वेळेवर परतफेडीची सवलत मिळायला हवी का, हा प्रश्न आम्ही अर्जात विचारलाच नाही. माझे लक्ष रब्बीच्या 25,000 वर होते आणि खरीप सगळे थकीतच झाले असे मी गृहीत धरले. तो प्रश्न लेखी विचारला असता तर उत्तर काहीही आले असते, पण ते शाखेच्या शिक्क्यानिशी आले असते.

आता त्यांच्या वहीत पान दोन भागांत विभागलेले आहे. डाव्या बाजूला खरीप, उजव्या बाजूला रब्बी, दोन्हींच्या डोक्यावर मंजुरीपत्रातली देय तारीख आणि शेवटच्या रकान्यात मुद्दल व व्याज वेगवेगळे. 30 सप्टेंबर 2024 चे व्याज पडले तेव्हा ते पासबुक भरून घेऊन माझ्याकडे आले होते. आकडा त्यांनी आधीच काढून आणला होता आणि तो पासबुकापेक्षा एका रुपयाने कमी होता. तो रुपया कोठे गेला हे शोधण्यात आमची अर्धी संध्याकाळ गेली. एका छोट्या उचलीचा दिवस त्यांनी मोजला नव्हता.